राजीनामा, रुजवात आणि ताबापावती

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवरील एखादा पदाधिकारी पद सोडतो, तेव्हा जिन्यात आणि फाटकाशी जी चर्चा चालते ती बहुधा त्याने पद का सोडले याविषयीची असते. त्याने काय सोडले, कोणापाशी सोडले आणि ते मोजून दिले की नाही, हा प्रश्न त्या दिवसांत कोणाच्या मनात येत नाही. तो येतो दोन-तीन वर्षांनी, जेव्हा एखाद्या दिवंगत सभासदाचे वारस नामनिर्देशनाचे पान पाहू मागतात आणि ते पान सापडत नाही, किंवा लेखापरीक्षक एका व्हाउचरावर बोट ठेवून विचारतो आणि उत्तर देणारा माणूस ते गाव सोडून गेलेला असतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे, आणि तोही महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांपुरता, कारण येथील कायदा, उपविधी आणि दप्तराची रीत ही एका सुसंगत व्यवस्थेची अंगे आहेत व त्या व्यवस्थेत राहूनच पद सोडण्याचा मार्ग आखलेला आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे, की राजीनाम्याचे पत्र पद सोडण्याची केवळ इच्छा नोंदवते. पद खऱ्या अर्थाने सुटते ते एका ठरलेल्या तारखेला रोख, बँक, दप्तर आणि किल्ल्या यांची रुजवात होऊन त्या यादीवर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही पडते तेव्हा. ही ताबापावती घेणाऱ्याच्या सोयीची म्हणून ओळखली जाते, परंतु तिची अधिक गरज असते ती देणाऱ्यालाच, कारण पुढे कधी एखादी वस्तू नाहीशी झाली तर ती आपल्या हातून गेली नाही हे दाखवण्यास त्याच्यापाशी त्या कागदाखेरीज दुसरे काहीही नसते.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. आदर्श उपविधींत दोन प्रकारचे राजीनामे वेगळे मानले आहेत, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. समितीच्या सदस्यत्वाचा राजीनामा अध्यक्षांच्या नावे लिहून द्यायचा असतो. समितीने तो मंजूर केल्याच्या दिवसापासून, अथवा तो अध्यक्षांस वा सचिवांस पोहोचल्यापासून एक महिना लोटल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो अमलात येतो. पदाचा राजीनामा, म्हणजे अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार या नात्याने दिलेला, याला मात्र आणखी एक अट जोडलेली आहे: त्या पदाधिकाऱ्याने आपल्याकडील काम अद्ययावत केले आहे आणि संस्थेचे जे कागद व जी मालमत्ता त्याच्या ताब्यात होती ती समितीपुढे हजर केली आहे, अशी समितीची खात्री पटल्यावरच तिने तो मंजूर करावा. उपविधींच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत या तरतुदींचे क्रमांक बदललेले आहेत. म्हणून आपल्या संस्थेने नोंदवून घेतलेली प्रत उघडून त्यातील शब्दच पाहावे, आणि पत्रात आपण केवळ पद सोडीत आहोत की समितीचे सदस्यत्वही, हे स्पष्ट लिहावे. "वैयक्तिक कारणास्तव मुक्त करावे" एवढ्या मोघम वाक्यावरून पुढे दोन्ही अर्थ काढता येतात, आणि तसे ते काढलेही जातात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याचे कलम 160 याच विषयाला वाहिलेले आहे. नवी समिती आणि नवा अध्यक्ष निवडून आल्यावर मावळत्या अध्यक्षाने समितीच्या कार्यालयाचा कार्यभार, तसेच समितीच्या किंवा तिच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या ताब्यात असलेले संस्थेचे सर्व कागद व मालमत्ता, नव्या अध्यक्षाच्या स्वाधीन करावी, असे ते कलम सांगते. त्याने टाळाटाळ केल्यास निबंधकाला लेखी आदेश देता येतो, आणि तो आदेशही मोडल्यास शिक्षेची व कलम 80 च्या रीतीने दप्तर जप्त करण्याची तरतूद आहे. या कलमातील "कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या ताब्यात" हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सचिव दप्तर घरी ठेवतात आणि खजिनदार चेकबुक कचेरीत नेतात, ही गोष्ट अध्यक्षांना ठाऊक असो वा नसो, समिती बदलताना त्या सर्वांचा जाब कायदा अध्यक्षांनाच विचारतो. म्हणून मुदतीच्या मध्येच एखादा सचिव वा खजिनदार पद सोडत असेल, तर त्याची रुजवात नीट करून घेण्यात अध्यक्षांचा स्वतःचाही बचाव आहे. त्या वेळी न मोजलेले दप्तर पाच वर्षांच्या मुदतीअखेर त्यांच्याच नावे निघते.

आता ही रुजवात प्रत्यक्षात कशी होते ते एका उदाहरणावरून पाहू. चाळीस सदनिकांची आमची संस्था. दरमहा प्रत्येकी 2,500 रुपये देखभाल शुल्क. खजिनदारांची नोकरीत बदली झाली आणि त्यांनी 10 जानेवारीस अध्यक्षांच्या नावे पत्र दिले, त्याची पोच दुसऱ्या प्रतीवर तारीख व सही घेऊन स्वतःजवळ ठेवली. अध्यक्षांनी त्याच आठवड्यात दोन गोष्टी ठरवल्या, आणि पुढचे सारे काम त्यामुळेच सुकर झाले. पहिली, हिशेबाची सीमारेषा 31 जानेवारी ही राहील. त्या दिवसापर्यंतचा प्रत्येक व्यवहार मावळत्या खजिनदारांनी कीर्दीत घ्यायचा आणि 1 फेब्रुवारीपासूनचा नव्यांनी. दुसरी, समितीची सभा 8 फेब्रुवारीस, म्हणजे पत्र पोहोचल्यापासून महिना उलटण्यापूर्वी, घ्यायची आणि तीत ताबापावती पटलावर ठेवून मगच राजीनामा मंजूर करायचा. सीमारेषा महिनाअखेरीस ठेवण्याचे कारण साधे आहे: बँकेचे खातेउतारे, सभासदांची मासिक बिले आणि वीजबिल यांच्या तारखा महिन्याच्या कडेशी जुळतात, आणि मधल्याच एखाद्या दिवशी रेघ ओढली तर अर्धे व्यवहार रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून बसतात.

नव्या खजिनदार म्हणून इमारतीतल्याच एक शिक्षिका आल्या होत्या. 1 फेब्रुवारीच्या सायंकाळी संस्थेच्या कार्यालयात मावळते खजिनदार, त्या आणि साक्षीदार म्हणून मी असे तिघे बसलो. कीर्दीप्रमाणे हातशिल्लक 3,140 रुपये होती. पेटीत निघाले 2,190. क्षणभर त्या बाईंच्या चेहऱ्यावर संकोच दिसला, कारण मोठ्या माणसापुढे रक्कम कमी भरली असे म्हणणे त्यांना जड जात होते. परंतु पेटीच्याच तळाशी नळ दुरुस्त करणाऱ्याची 600 रुपयांची आणि झेरॉक्सची 350 रुपयांची अशा दोन पावत्या होत्या, ज्या कीर्दीत चढायच्या राहिल्या होत्या. त्या 31 जानेवारीच्या तारखेखाली चढवल्या, आणि पावत्यांचे 950 व पेटीतील 2,190 मिळून 3,140 चा मेळ बसला. हातशिल्लक मोजताना हा संकोच मनातून काढून टाकावा लागतो. नोटा दोघांनीही आपापल्या हाताने मोजाव्या आणि यादीत आकड्याबरोबर अक्षरी रक्कमही लिहावी.

बँकेचा मेळ हा याहून अवघड, आणि येथेच जाणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीची खरी किंमत कळते. 31 जानेवारीस कीर्दीप्रमाणे बँकशिल्लक 3,96,250 रुपये होती, तर बँकेचा उतारा 4,18,650 दाखवीत होता. बँकेत 22,400 रुपये अधिक दिसत आहेत म्हणजे संस्थेचा लाभच आहे, असे मानून पुष्कळ ठिकाणी एवढ्यावरच सह्या होतात. आम्ही ताळमेळ पत्रक मांडले. उद्वाहनाच्या देखभालीचा 18,000 रुपयांचा चेक दिलेला होता, पण ठेकेदाराने तो अद्याप बँकेत भरला नव्हता. ही रक्कम बँकेत दिसत असली तरी संस्थेची नव्हे. एका सभासदाचा 2,750 रुपयांचा चेक 30 जानेवारीस भरलेला होता आणि वटायचा होता. तो कीर्दीत जमा होता, बँकेत नव्हता. बँकेने 350 रुपये आकार कापला होता, त्याची नोंद कीर्दीत नव्हती. आणि उताऱ्यात 7,500 रुपयांची एक थेट जमा होती, जिच्यापुढे ना सदनिकेचा क्रमांक होता ना ओळखीचे नाव. कीर्दीतील शिलकेत 18,000 आणि 7,500 मिळवावे, 2,750 आणि 350 वजा करावे, म्हणजे बरोबर 4,18,650 येतात.

बेरीज जुळली तरी ती 7,500 रुपयांची जमा कोणाची, हा प्रश्न उरलाच होता. मावळत्या खजिनदारांना ते ठाऊक होते: एका सभासदाने परगावी असलेल्या आपल्या मुलाकडून तीन महिन्यांचे शुल्क परस्पर पाठवले होते आणि तसे जिन्यात भेटल्यावर सांगितले होते. ही माहिती कोणत्याही वहीत नव्हती. ती एका माणसाच्या डोक्यात होती आणि तो माणूस पंधरवड्याभरात गाव सोडणार होता. तो तसाच गेला असता तर ती रक्कम "अज्ञात जमा" म्हणून पडून राहिली असती, त्या सभासदाच्या नावे थकबाकी चढली असती, तिच्यावर व्याज लागले असते आणि पुढच्या वार्षिक सभेत एका प्रामाणिक माणसाला थकबाकीदार म्हणून उभे राहावे लागले असते. रक्कम त्याच्या खाती जमा करून पावती फाडली, बँकेचा आकार खर्ची टाकला, आणि दुरुस्त झालेली कीर्दीची शिल्लक 4,03,400 ही ताबापावतीत लिहिली. न वटलेल्या दोन्ही चेकांचे क्रमांक तिच्याखाली नोंदवले. ताळमेळ पत्रक उत्तम जुळले असतानाही त्याच्या एकेका ओळीमागची हकीकत विचारावी, असे म्हणतो ते यासाठी.

बँकशिलकेइतक्याच काळजीने मुदत ठेवी पाहाव्या. आमच्या सिंकिंग फंडाच्या दोन ठेवी होत्या, एक 3,00,000 रुपयांची आणि एक 2,50,000 रुपयांची, आणि फायलीत दोन पावत्याही होत्या. त्यामुळे त्या तशाच यादीत चढण्याच्या बेतात होत्या. बँकेकडून ठेवींचा शिल्लक-दाखला मागवला तेव्हा कळले की दुसरी ठेव मुदत संपून आपोआप नव्या क्रमांकाने पुढे चालू झाली होती, आणि फायलीतली पावती जुन्या, मृत ठेवीची होती. पैसा सुरक्षित होता, परंतु हातातला कागद ज्या ठेवीचा होता ती अस्तित्वात नव्हती. फायलीतल्या पावतीपेक्षा बँकेचा त्या दिवसाचा दाखला प्रमाण मानावा, हा नियम त्या दिवशी आम्ही शिकलो.

हिशेबाच्या भागात शेवटी दोन याद्या लागतात, ज्या कीर्दीतून निघत नाहीत. एक येणे-देण्याची: प्रत्येक सभासदाकडील 31 जानेवारीची बाकी, आणि काम झालेले पण बिल न आलेले अथवा बिल आलेले पण न दिलेले असे देणे. दुसरी तारखांची. जानेवारीत ठेकेदारांच्या बिलांतून कापलेला आयकर 7 फेब्रुवारीपर्यंत भरायचा असतो. कर कापला जुन्या खजिनदारांनी आणि भरायचा नव्यांनी, अशा वेळी दोघेही तो दुसऱ्याने भरला असेल असे समजून बसतात आणि व्याज संस्थेला लागते. अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे ब नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यायचे असते. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. विम्याचा हप्ता, उद्वाहनाचा करार, ठेवींची मुदत, चालू दाव्यांची पुढील तारीख आणि वकिलांकडे असलेले मूळ कागद, हे सारे एका पानावर तारखेच्या क्रमाने लिहून दिले, तर नव्या माणसाचे पहिले वर्ष निभावते.

दप्तराकडे वळू. सचिवाच्या राजीनाम्यात हाच भाग मुख्य असतो. दप्तर देताना फायलींची संख्या लिहून भागत नाही. "एकूण 27 फायली मिळाल्या" या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या फायलींत काय होते हे कोणालाच सांगता येत नाही. कागदांचे मला तीन वर्ग करावेसे वाटतात. पहिला, जे पुन्हा मिळणे दुरापास्त अथवा फार कष्टाचे: नोंदणीचा दाखला, मंजूर उपविधींची प्रत, जमिनीच्या व इमारतीच्या अभिहस्तांतरणाचा दस्त, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, सभासदांची आय नमुन्यातील नोंदवही आणि जे नमुन्यातील यादी, भागनोंदवही, नामनिर्देशनाची नोंदवही आणि सर्व सभांची इतिवृत्ते. यांतील प्रत्येक कागद यादीत स्वतंत्र ओळीवर लिहावा, आणि तो मूळ आहे की नक्कल, हे त्याच्यापुढे नमूद करावे. वर्षानुवर्षे ज्याला सर्व जण मूळ दस्त समजत होते ती केवळ रंगीत छायाप्रत होती, असे पुनर्विकासाच्या वेळी उघडकीस येते तेव्हा ती कोणाच्या काळात बदलली गेली हे ठरवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे जुन्या ताबापावत्यांचा हा रकाना.

दुसरा वर्ग चालू कागदांचा: व्हाउचरे, बिले, पत्रव्यवहार, करारपत्रे. ही वर्षवार गठ्ठे बांधून, व्हाउचरांचे पहिले व शेवटचे क्रमांक लिहून दिली म्हणजे पुरे. तिसरा वर्ग कोऱ्या पण मोलवान कागदांचा, आणि बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते याच वर्गाकडे. कोरे भागदाखले, कोऱ्या पावत्या, न वापरलेले चेक आणि संस्थेचा शिक्का यांच्या साहाय्याने संस्थेच्या नावे वाटेल ती कबुलात तयार करता येते. म्हणून शेवटच्या वापरलेल्या भागदाखल्याचा, पावतीचा व चेकाचा क्रमांक लिहावा, उरलेल्यांची संख्या लिहावी आणि ती मोजून पाहावी. दुसरा सहीदार परगावी जाणार म्हणून आगाऊ सही करून ठेवलेले चेक पुष्कळ संस्थांत आढळतात. ते कितीही निरागस हेतूने केलेले असोत, मावळत्या सहीदाराच्या सहीचा एकही कोरा चेक मागे राहू देऊ नये, त्यावर दोन रेघा ओढून "रद्द" लिहावे आणि तो चेकबुकातच ठेवावा.

इतिवृत्तांविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. मावळत्या सचिवाने आपल्या काळातील शेवटच्या सभेपर्यंतचे इतिवृत्त लिहून, कायम करून, सह्यांसह पूर्ण करावे, आणि मधली कोरी राहिलेली पाने तिरप्या रेघेने बंद करावी. समितीचे सदस्य आपल्या मुदतीत घेतलेल्या निर्णयांस कायद्याने संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार असतात. ती जबाबदारी राजीनाम्याने पुढील काळापुरती थांबते, मागील काळाची पुसली जात नाही. एखाद्या ठरावास आपला विरोध होता असे जर कोणाला पुढे म्हणायचे असेल, तर तो विरोध त्याच सभेच्या इतिवृत्तात नोंदलेला असला पाहिजे. इतिवृत्त अपुरे टाकून जाणारा सचिव, म्हणून, आपल्याबरोबर सहकाऱ्यांचेही संरक्षण काढून घेतो.

किल्ल्यांचा विषय क्षुल्लक वाटतो, तो तसा नाही. आमच्या संस्थेत नऊ कुलपे होती: कार्यालय, दोन लोखंडी कपाटे, पंपघर, मीटरखोली, उद्वाहनाची यंत्रखोली, गच्ची, गच्चीवरील टाकीचे झाकण आणि सूचनाफलकाची काचपेटी. मावळत्या खजिनदारांनी जुडगा पुढे केला, तेव्हा त्यात बारा किल्ल्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. ते स्वतःच म्हणाले, "ताई, अशा घेऊ नका. चला, एकेक कुलूप उघडून बघू." तासभर जिने चढउतार करून प्रत्येक कुलूप उघडले, प्रत्येक किल्लीस पत्र्याचा बिल्ला अडकवला, आणि तीन किल्ल्या कशाच्याच नाहीत हे कळल्यावर त्या यादीत "निरुपयोगी" म्हणून लिहून वेगळ्या ठेवल्या. गच्चीच्या टाकीचे कुलूप मात्र एकाही किल्लीने उघडेना. चौकशीअंती समजले की पूर्वीच्या पहारेकऱ्याने कुलूप बदलले होते आणि नवी किल्ली तो आपल्याबरोबर घेऊन गेला होता. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची किल्ली इमारतीबाहेरच्या माणसाजवळ असावी आणि ते कोणास ठाऊक नसावे, ही गोष्ट यादी हातात घेऊन जिना चढल्याशिवाय कधीही कळली नसती. ते कुलूप त्याच रात्री बदलले. यादीत किल्लीपुढे तीन नोंदी असाव्या असे मी तेव्हापासून म्हणतो: कुलूप उघडून पाहिले का, दुसरी किल्ली कोणापाशी आहे, आणि ती त्याच्यापाशी का आहे.

अलीकडच्या काळात किल्ल्यांचा आणखी एक वर्ग निर्माण झाला आहे, जो जुडग्यात मावत नाही. बँकेचे ऑनलाइन खाते, आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील संस्थेचे खाते, संस्थेचा ईमेल, सीसीटीव्हीचा पासवर्ड, हिशेबाचे सॉफ्टवेअर, आणि या सर्वांना जोडलेला मोबाइल क्रमांक, जो पुष्कळ वेळा मावळत्या पदाधिकाऱ्याचा खासगी क्रमांक असतो. पासवर्ड कागदावर लिहून देणे ही रीत धोक्याची. दोघांनी एकत्र बसून नव्या माणसाने नवा पासवर्ड घालावा आणि यादीत केवळ "अमुक तारखेस बदलला" एवढे लिहावे. मोबाइल क्रमांक आधी बदलावा, पासवर्ड नंतर, कारण क्रमांक जुनाच राहिला तर बँकेचा संकेतांक जुन्याच माणसाच्या हाती येत राहतो, आणि परगावी गेलेल्या त्या गृहस्थाला प्रत्येक वीजबिलाच्या वेळी फोन करावा लागतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील माहितीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, तरी 31 जानेवारीपर्यंतची कीर्द आणि खातेवही छापून तिच्या शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या घ्याव्या. संगणकातली नोंद मागाहून मागच्या तारखेला घालता येते, सही केलेल्या पानात ती घालता येत नाही. बँकेतील सह्यांचे नमुने बदलण्यासाठी समितीचा ठराव लागतो, आणि जुन्या सहीदाराचे नाव खात्यावरून काढल्याचे बँकेचे लेखी उत्तर येईपर्यंत हे काम झाले असे मानू नये.

घेणाऱ्या बाजूचे दोष तेवढेच गंभीर असतात. "सर्व कागदपत्रे व हिशेब मिळाले" असे एका ओळीत लिहून देणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टींची कबुली देणे होय. योग्य शब्द असे: "सोबतच्या यादीप्रमाणे मिळाले, यादीत 'आढळले नाही' असे नमूद केलेले कागद मिळाले नाहीत." हा "आढळले नाही" रकाना भरताना कोणावरही आरोप करण्याचे कारण नाही, कारण कागद कोणाच्या काळात गेला हे त्या दिवशी ठरवायचे नसते, तो त्या दिवशी तेथे नव्हता एवढेच लिहायचे असते. गहाळ कागद पुन्हा मिळवण्याचे प्रयत्न त्यानंतर सुरू व्हावेत: उपविधींची प्रमाणित नक्कल उपनिबंधकांच्या कार्यालयातून, दस्ताची नोंदणी कार्यालयातून, ठेवींचा दाखला बँकेतून. यादीच्या तीन प्रती कराव्या: एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, आणि एक इतिवृत्ताला जोडलेली, जिचा उल्लेख राजीनामा मंजूर करणाऱ्या ठरावातच असावा.

जेथे मने दुरावलेली असतात तेथे हे सर्व इतक्या सरळपणे होत नाही. मावळते सचिव म्हणतात, माझ्या खिशातून खर्च केलेली रक्कम आधी द्या, मग दप्तर देतो. किंवा नव्या समितीची निवडच मला मान्य नाही. पहिल्या बाबतीत रक्कम खरी असेल तर ती देणे म्हणून यादीत लिहून द्यावी, परंतु संस्थेचे दप्तर कोणाच्याही वैयक्तिक येण्यापोटी अडवून ठेवण्याजोगे तारण नव्हे. प्रथम समितीने ठराव करून, काय काय हवे त्याची यादी जोडून, मुदत देऊन लेखी मागणी करावी आणि तिची पोच ठेवावी. त्यानंतर उपनिबंधकांकडे जावे. नवी समिती निवडून आली असेल तर कलम 160 लागू पडते. मुदतीच्या मध्ये एकट्या पदाधिकाऱ्याचा प्रश्न असेल तर उपविधींतील अटीचा आधार घ्यावा. आणि दप्तर दडवले जाण्याची, त्यात फेरफार होण्याची वा ते नष्ट होण्याची भीती असेल तर कलम 80 अन्वये निबंधकांना दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते जप्त करवता येते. अशा अर्जात "सर्व दप्तर अडवले आहे" असे मोघम न लिहिता, कोणत्या क्रमांकाची इतिवृत्तवही, कोणत्या वर्षाची व्हाउचरे आणि शेवटी ती कोणी कधी पाहिली, हे लिहिले म्हणजे शोध घेणाऱ्याला काय शोधायचे ते कळते. मागील बदलाच्या वेळची ताबापावती उपलब्ध असेल तर हे आपोआप साधते.

अनेक सदस्यांनी एकदम राजीनामे दिल्याने गणपूर्तीच उरत नाही, असाही प्रसंग येतो. राजीनामे मंजूर करायला आणि कार्यभार घ्यायला समितीच राहत नाही. मग कलम 77अ अन्वये निबंधक नव्या समितीची अथवा प्राधिकृत अधिकाऱ्याची नेमणूक करू शकतात, आणि दप्तर त्यांच्या स्वाधीन करावे लागते. तोपर्यंतच्या काळात कपाटास कुलूप लावून, उपलब्ध सदस्यांच्या समक्ष मोहोरबंद करून, त्याचा छोटा पंचनामा लिहून ठेवणे हाच सुज्ञ मार्ग आहे. ज्याच्या हाती किल्ली राहील त्याने ती एकट्याने वापरू नये.

आमच्या खजिनदारांचा राजीनामा 8 फेब्रुवारीस मंजूर झाला. ठरावात त्यांच्या पत्राची तारीख, हिशेबाची सीमारेषा, सुधारलेली बँकशिल्लक, हातशिल्लक आणि यादीची पाने यांचा उल्लेख केला, आणि मंजुरीचे लेखी पत्र त्यांना त्याच सभेत दिले. आठवड्याने ते सामान घेऊन गेले. त्याच वर्षीच्या लेखापरीक्षणात जानेवारीतील एका खर्चावर आक्षेप निघाला. नव्या खजिनदारांनी गठ्ठ्यातून क्रमांकाप्रमाणे व्हाउचर काढले, जुन्या खजिनदारांना एक फोन केला, त्यांनी आपल्याकडच्या प्रतीवरून मंजुरीच्या ठरावाची तारीख सांगितली, आणि ओ नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवालात ते उत्तर लिहिले गेले. दोन शहरांत बसलेली दोन माणसे एकाच यादीची तीच ओळ वाचीत होती. उद्वाहनाच्या ठेकेदाराचा 18,000 रुपयांचा चेक मार्च महिन्यात वटला, तेव्हा त्याच्या क्रमांकापुढे नव्या खजिनदारांनी तारीख लिहिली आणि त्या ताबापावतीवरील शेवटची उघडी नोंद बंद झाली.